सातानंतर लगेच आठ का येत नाही?

चार फ्लिप-फ्लॉपच्या रिपल काउंटरमध्ये क्लॉकचा ठोका फक्त पहिल्यालाच मिळतो. पुढचा प्रत्येक फ्लिप-फ्लॉप आधीच्याचे आउटपुट 1 वरून 0 झाले की उलटतो. उलटायला प्रत्येकी 10 नॅनोसेकंद लागतात असे धरू.

सातावरून (0111) आठावर (1000) जाताना चारही आउटपुट एकापाठोपाठ बदलतात. म्हणून आठ उमटायला 40 नॅनोसेकंद लागतात आणि तोवर काउंटर सहा, चार, शून्य असे चुकीचे आकडे दाखवतो. त्याआधीच पुढचा ठोका आला, तर खरा आकडा वाचताच येत नाही. त्यामुळे क्लॉकची मर्यादा 25 मेगाहर्ट्झ. वाचनालाही वेळ द्यायचा तर त्याहून कमी. आठ फ्लिप-फ्लॉप जोडले की ती निम्मी होते.

सिंक्रोनस काउंटरमध्ये ठोका सगळ्यांना एकदम मिळतो, म्हणून हा विलंब असा साचत नाही.