तांब्याचा ६३.५४६ कुठून आला?

आवर्तसारणीत तांब्याच्या चौकटीत ६३.५४६ हा आकडा असतो. गंमत म्हणजे एवढ्या वस्तुमानाचा तांब्याचा एकही अणू नसतो. निसर्गात तांब्याचे दोन स्थिर समस्थानिक सापडतात: तांबे-६३ आणि तांबे-६५. त्यांची वस्तुमाने ६२.९३० आणि ६४.९२८ एकक.

दोघांची बेरीज करून दोनने भागले तर ६३.९२९ येते, आणि ते चुकते; कारण दोघांचे प्रमाण सारखे नाही. तांबे-६३ आहे ६९.१५ टक्के, तांबे-६५ आहे ३०.८५ टक्के. म्हणून प्रत्येक वस्तुमानाला त्याच्या वाट्याने गुणायचे. ६२.९३० × ०.६९१५ म्हणजे ४३.५१६, ६४.९२८ × ०.३०८५ म्हणजे २०.०३०. बेरीज ६३.५४६.

आता उलटे गणित. सरासरी माहीत आहे, प्रमाण काढायचे आहे. तांबे-६३ चा वाटा क्ष धरला, की दुसऱ्याचा आपोआप १ − क्ष होतो. समीकरण असे:

६२.९३० क्ष + ६४.९२८ (१ − क्ष) = ६३.५४६

सोडवले की १.९९८ क्ष = १.३८२, म्हणजे क्ष सुमारे ०.६९२. सरासरी ६३ च्या बाजूला झुकलेली असल्याने हा वाटा निम्म्याहून जास्त यायलाच हवा. कमी आला, तर कुठेतरी वस्तुमानांची अदलाबदल झाली.

विद्यार्थी हमखास फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. नेमक्या वस्तुमानांऐवजी सरळ ६३ आणि ६५ घेतले, तर उत्तर ७२.७ टक्के येते. वस्तुमानातला किरकोळ फरक प्रमाणात साडेतीन टक्क्यांची चूक करतो. आणि तीन समस्थानिकांच्या मॅग्नेशियमला नुसती सरासरी पुरत नाही. तिथे एकाचे तरी प्रमाण आधी माहीत असावे लागते.