डासांच्या जाळीचे रबर काढताना

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत डासांच्या जाळीचे वेगळे दार असते. या दाराच्या चौकटीला चारही बाजूंनी अरुंद खाच असते. जाळी चौकटीवर अंथरून तिच्या कडा खाचेत ढकलतात आणि त्यावर दोरीसारखे रबर दाबून बसवतात. खिळा नाही, डिंक नाही. जाळी टिकते ती केवळ खाचेत घट्ट बसलेल्या रबरामुळे. म्हणून जाळी फाटली तरी चौकट बदलावी लागत नाही. रबर निघाले की जाळी मोकळी होते.

काम खिडकीत उभे राहून करू नये. दार वरच्या रुळात उचलून खालची कड आत ओढली की बहुतेक दारे निघतात. वरच्या मजल्यावर हे नेहमी घरातूनच करावे आणि दार दोघांनी धरावे. मग चौकट जुन्या चादरीवर, खाचेची बाजू वर करून, सपाट ठेवावी. चौकटीच्या बाहेरच्या कडेला केसाळ पट्टी दिसते. ती धूळ आणि वारा अडवण्यासाठी असते, जाळीशी तिचा संबंध नाही. ती ओढू नये.

रबराचे टोक सहसा कोपऱ्याजवळ सापडते. कुठे एकच सलग रबर चारही बाजूंनी फिरवलेले असते, कुठे प्रत्येक बाजूला वेगळा तुकडा असतो. टोकाखाली दाभण किंवा बारीक पेचकस तिरका घालून रबर दोन-तीन इंच उचलावे. पेचकस चौकटीच्या कडेवर टेकवून जोर दिला तर रंग खरवडतो आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमची कड वाकते. वाकलेल्या जागी नवे रबर पुढे सैल बसते, म्हणून अवजार रबरातच रुतवावे.

आता ओढण्याची रीत. रबर ताणले की लांब होते आणि त्याच वेळी बारीक होते. खाचेतली त्याची पकड तिथेच सुटते. म्हणून हिसका न देता सावकाश, खाचेच्या दिशेने थोडे तिरके वर ओढावे आणि रबर निघत जाईल तशी बोटे निघण्याच्या जागेजवळ सरकवत न्यावीत. लांबून ओढले तर ताण भलतीकडे पडतो. मागे दुमडून ओढले तर जुने रबर त्या घडीवरच तुटते.

जुने रबर उन्हाने कडक आणि ठिसूळ होते. पश्चिमेच्या खिडकीतले दोन फूट बाय चार फूट दार घेतले, तर वळचणीच्या सावलीत राहिलेल्या वरच्या बाजूचे रबर कदाचित एका ओढीत येईल. उन्हात तापलेल्या उभ्या बाजूचे मात्र बोटभर लांबीचे तुकडे पडतील. अशा ठिकाणी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा थोडा वेळ फिरवली की रबर जरा नरम पडते. तरीही तुकडा आतच राहिला तर जाळी कामाला येते. खाचेत जाळी रबराच्या खालून गेलेली असते. खाचेला लागूनची जाळी मुठीत धरून वर ओढली की ती रबराला खालूनच उचलते. याचसाठी रबर निघण्याआधी जुनी जाळी कापून टाकू नये. फायबरची जाळी उन्हाने कुजली असेल तर ती फाटते आणि मग दाभणाने टोचून तुकडे काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. स्टीलच्या जाळीला हा ताण सहज सोसतो, पण तिच्या सुट्या तारा बोटांत घुसतात, हातमोजे हवेतच.

ओढताना चौकटच चादरीवरून उचलली जाऊ लागली, तर रबर अडकले आहे असे समजावे. जोर वाढवण्याऐवजी तिथे पुन्हा दाभण लावावे, नाहीतर बारीक चौकट मध्येच वाकते. अशी वाकलेली चौकट नंतर रुळावर घासते.

निघालेले रबर पुन्हा वापरू नये. ते ताणून बारीक झालेले असते आणि नव्या जाळीला घट्ट धरत नाही. मात्र नवे आणताना नमुना लागतो, कारण रबराची जाडी चौकटीनुसार बदलते. नमुन्यासाठी न ताणलेला तुकडा, शक्यतो सावलीच्या बाजूचा, कापून ठेवावा. ताणलेला तुकडा नेला तर दुकानदार एक माप बारीकच रबर देईल. फायबरऐवजी जाड तारेची जाळी बसवायची असेल तर खाचेत जागा कमी उरते आणि रबर किंचित बारीक घ्यावे लागते. वरच्या दाराचा घेर बारा फूट भरतो. कोपऱ्यांसाठी आणि कापण्यासाठी तेरा फूट रबर पुरते.

शेवटी खाच साफ करावी. आत राहिलेले जाळीचे धागे, रबराचा भुगा आणि चिकटलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढावी आणि ओल्या फडक्याने पुसून खाच पूर्ण वाळू द्यावी. चारही कोपऱ्यांत दाभणाचे टोक फिरवून पाहावे, कारण तुटलेला तुकडा बहुधा तिथेच दडलेला असतो आणि त्याच्यावर नवे रबर कधीच पूर्ण खाली बसत नाही.