‘वेअर’ म्हणजे काल नव्हे

‘आय विश आय हॅड अ कार’ असं कुणी म्हणतं, तेव्हा त्याच्याकडे पूर्वी कधी कार होती असं तो सांगत नसतो. कार त्याच्याकडे आत्ता नाही आणि त्याला ती आत्ताच हवी आहे. वाक्यात कालचा काही संबंध नसताना ‘हॅड’ हे भूतकाळाचं रूप तिथे का बसतं, हा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी पडतो. शाळेत त्याचं उत्तर ‘विशनंतर भूतकाळ वापरायचा’ या एका ओळीत मिळतं. ती ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे. ती पाठ केलेला माणूस ‘आय विश आय हॅड’ बरोबर म्हणतो आणि काल चुकलेल्या बसबद्दल बोलायची वेळ आली की तिथेच अडतो.

इंग्रजीत भूतकाळाचं रूप दोन कामं करतं. एक म्हणजे घटना मागे नेणं. दुसरं म्हणजे घटना वास्तवापासून दूर नेणं, म्हणजे ‘हे असं नाही, पण असतं तर’ हे सुचवणं. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं विसाव्या शतकात या दुसऱ्या कामाला कल्पनेचा भूतकाळ मानलं. पुढे 2000 साली सबिन इयाट्रिडू या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं, की वास्तवाविरुद्धचं बोलताना भूतकाळाच्या रूपाचा आधार घेण्याची ही सवय एकट्या इंग्रजीची नाही, ग्रीकसारख्या भाषांतही ती आहे. म्हणजे यात इंग्रजांचा लहरीपणा शोधण्याचं कारण नाही.

मराठीला तर या वाक्यांची सवय आहेच. आपल्या व्याकरणात त्यांना संकेतार्थ म्हणतात. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे वाक्य ऐकताच पाऊस पडला नाही आणि पीक आलं नाही, या दोन्ही गोष्टी आपल्याला न सांगता कळतात. मग मराठी माणसाची इंग्रजीत गडबड कुठे होते? माझ्या मते ती ‘असता-असती-असते’ या आपल्या सोयीस्कर रूपांमुळे होते. ‘माझ्याकडे आज गाडी असती तर’ आणि ‘माझ्याकडे काल गाडी असती तर’ ही दोन वाक्यं पाहा. क्रियापद तेच राहिलं. काळाचं सगळं ओझं ‘आज’ आणि ‘काल’ या शब्दांनी उचललं, आणि ते शब्द गाळले तर ते ओझं संदर्भावर पडतं. इंग्रजी ही सूट देत नाही. तिथे आजच्या गाडीसाठी ‘हॅड’ आणि कालच्या गाडीसाठी ‘हॅड हॅड’ अशी रूपंच वेगळी आहेत. मराठीत ज्याचा निर्णय करावाच लागत नाही, तो इंग्रजीत प्रत्येक वाक्याला करावा लागतो.

तो निर्णय करण्याची एक साधी रीत आहे. इच्छेचं वाक्य बनवण्याआधी खरी परिस्थिती साध्या इंग्रजीत लिहायची. मग तिच्यातलं क्रियापद एक पायरी मागे न्यायचं आणि होकार असेल तर नकार, नकार असेल तर होकार करायचा. वर्तमानातून एक पायरी मागे म्हणजे साधा भूतकाळ. साध्या भूतकाळातून एक पायरी मागे म्हणजे ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप.

समजा, सांगलीतल्या एका मुलाची पुण्यात सकाळी मुलाखत आहे. रात्री तो गजर लावायला विसरला, पहाटेची बस चुकली आणि आता तो भर पावसात स्टँडवर उभा आहे. त्याची खरी परिस्थिती अशी: ‘आय डिडन्ट सेट द अलार्म. आय मिस्ड द बस. आय डोन्ट हॅव अ कार. आय अ‍ॅम नॉट इन पुणे.’ पहिली दोन वाक्यं घडून गेलेल्या गोष्टींची आहेत, म्हणून ती ‘हॅड’कडे जातात: ‘आय विश आय हॅड सेट द अलार्म. आय विश आय हॅडन्ट मिस्ड द बस.’ पुढची दोन या क्षणाची आहेत, म्हणून त्यांना साधा भूतकाळ पुरतो: ‘आय विश आय हॅड अ कार. आय विश आय वेअर इन पुणे.’ चारही वाक्यांत तो एकाच जागी उभा राहून हळहळतो आहे, म्हणून ‘विश’ चारही ठिकाणी वर्तमानातच राहिलं. हळहळ कधीची हे ‘विश’वरून कळतं, आणि ज्याची हळहळ आहे ती गोष्ट कधीची हे पुढच्या क्रियापदावरून.

आता ‘विश’च्या जागी ‘इफ ओन्ली’ घाला. ‘इफ ओन्ली आय हॅड सेट द अलार्म!’ रूपांचा हिशोब तोच राहतो, फक्त हळहळ जास्त तीव्र होते आणि वाक्य अर्धवट सोडलं तरी चालतं. आपण ‘गजर लावला असता तर...’ म्हणून थांबतो तसंच. शब्दांची अदलाबदल मात्र करू नये. ‘ओन्ली इफ’ म्हणजे अट, ‘तरच’ या अर्थानं. ‘यू कॅन गो ओन्ली इफ यू फिनिश’ यात कसलीही हळहळ नाही.

वाक्य तयार झालं, पण रूप बरोबर आहे का याची खात्री नाही, तर त्याच्या शेवटी ‘बट’ लावून खरी गोष्ट जोडून पाहावी. ‘आय विश आय हॅड डन द होमवर्क, बट आय डिडन्ट’: शेपूट ‘डिडन्ट’नं संपलं, म्हणजे गोष्ट कालची, म्हणजे ‘हॅड डन’ बरोबर. ‘आय विश आय न्यू हर नंबर, बट आय डोन्ट’: शेपूट ‘डोन्ट’चं, म्हणून ‘न्यू’ बरोबर. इथे कुणी ‘हॅड नोन’ लिहिलं असतं, तर शेपूट ‘डिडन्ट’चं लावावं लागलं असतं आणि अर्थ बदलला असता. नंबर तेव्हा माहीत नव्हता एवढंच त्यातून कळतं, आज माहीत असेलही. या परीक्षेत ‘आय विश आय हॅव अ कार’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्यही पकडलं जातं. ‘हॅव’ म्हणजे आहे, आणि शेपूट म्हणतंय ‘नाही’. दोन्ही एका वाक्यात नांदू शकत नाहीत.

‘हॅड हॅड’ पाहून पुष्कळ जण छपाईची चूक समजतात. त्यातलं पहिलं ‘हॅड’ पायरी मागे नेणारं, दुसरं ‘जवळ असणं’ या अर्थाच्या क्रियापदाचं तिसरं रूप. ‘हॅड डन’मध्ये ‘डन’ची जी जागा, तीच या दुसऱ्या ‘हॅड’ची. ‘हॅड डिड’ आणि ‘हॅड वेंट’ या चुका याच जागेवरच्या आहेत. तिथे दुसरं रूप घुसतं आणि तिसरं बाहेर राहतं.

राहता राहिलं ‘वेअर’. ‘आय’ एकवचनी, मग ‘आय वॉज’ न म्हणता ‘आय विश आय वेअर’ का? हे जुन्या इंग्रजीचं उरलेलं आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदांची वेगळी रूपं होती. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि बहुतेक क्रियापदांची ती रूपं साध्या भूतकाळात मिसळून गेली. म्हणून आज ‘हॅड’ किंवा ‘न्यू’ पाहून आतलं कल्पनेचं रूप ओळखू येत नाही. ‘बी’ या एका क्रियापदात मात्र फरक टिकला: खऱ्या भूतकाळाला ‘आय वॉज’, कल्पनेला ‘आय वेअर’. आज बोलताना ‘आय विश आय वॉज’ म्हणणारे इंग्रज आणि अमेरिकन भरपूर आहेत, त्याला चूक म्हणणं हट्टीपणा होईल. परीक्षेत, अर्जात, छापील मजकुरात ‘वेअर’ ठेवावं. ‘इफ आय वेअर यू’ या सल्ल्याच्या शब्दप्रयोगात तर ते रुळूनच गेलं आहे.

पण ‘वेअर’ अंगवळणी पडलं की उलटी चूक सुरू होते. ‘इफ’ दिसलं की ‘वेअर’ ठोकून द्यायचं. ‘आय आस्क्ड इफ ही वेअर रेडी’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तो तयार आहे का, एवढंच विचारलं होतं. तो तयार असेल किंवा नसेल, त्यात वास्तवाविरुद्ध काही नाही. तिथे साधं ‘वॉज’च हवं. ‘तो तिथे असता तर’ आणि ‘तो तिथे होता का’ यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो, आणि इथे तोच कान वापरायचा.

दुसऱ्यानं काही करावं किंवा थांबवावं, अशी इच्छा असेल तर ‘वुड’ येतं. स्टँडवरचा तो मुलगा पावसाला वैतागून म्हणेल, ‘आय विश इट वुड स्टॉप.’ स्वतःबद्दल मात्र ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत. स्वतःला जमत नाही त्याची खंत असेल तर ‘कुड’ येतं. आणि ‘तो पास व्हावा’ अशी खरोखर शक्य असलेली इच्छा असेल, तर ‘विश’ नकोच. आपल्या ‘व्हावा’मुळे जीभ ‘आय विश ही विल पास’कडे वळते, पण तिथे शब्द आहे ‘होप’: ‘आय होप ही पासेस.’ निकाल लागायचा आहे तोवर ‘होप’. निकाल लागला आणि तो नापास झाला, की मग ‘आय विश ही हॅड पास्ड.’

ऐकताना एक अडचण उरते, आणि तिला पक्का इलाज नाही. बोलण्यात ‘यू हॅड’ आणि ‘यू वुड’ या दोन्हींचं आखडून ‘यूड’ होतं. पुढे तिसरं रूप आलं तर ते ‘हॅड’, मूळ रूप आलं तर ‘वुड’. ‘यूड गॉन’ म्हणजे गेला असतास तर, ‘यूड गो’ म्हणजे जाशील तर बरं. पण ‘कम’चं तिसरं रूपही ‘कम’च. त्यामुळे ‘आय विश यूड कम’ असं फोनवर कुणी म्हटलं, तर लग्न होऊन गेलं आणि तुम्ही आला नाहीत, की लग्न पुढच्या आठवड्यात आहे आणि तुम्ही अजून हो म्हणालेले नाही, हे त्या चार शब्दांवरून इंग्रजालाही सांगता येणार नाही. लग्नाची तारीख विचारावी लागते.