दंकृगोध्रु आणि नारळाचे पाणी : राजवंश लक्षात कसे ठेवावेत

आचऱ्याहून उत्तरेकडे गेले की वाघोटणच्या खाडीच्या वरच्या अंगाला खारेपाटण लागते. या गावी एक ताम्रपट सापडला. तो शके ९३० मधला, म्हणजे इसवी सन १००८ मधला आहे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचे हे दानपत्र. ते प्रथम वाचून प्रसिद्ध करण्याचा मान आपल्याच मुलखातल्या, पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांकडे जातो. 'दर्पण'कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण जुने लेख वाचणारे म्हणून त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. असो. आजच्या विषयाला या ताम्रपटाइतके सोयीचे दुसरे साधन मला दिसत नाही, कारण एका लहानशा दानाची हकीकत सांगण्यापूर्वी त्यात दोन घराण्यांच्या वंशावळी दिल्या आहेत. आधी सार्वभौम राष्ट्रकूटांची, आणि मग त्यांच्या मांडलिक शिलाहारांची. या दोन वंशावळी आपण पाठ करू पाहिल्या, तर कोठे अडखळतो आणि काय केले म्हणजे अडखळत नाही, हे मला सांगायचे आहे.

शाळेतली रीत आपणां सर्वांना ठाऊक आहे. नावांची आद्याक्षरे घ्यावयाची आणि त्यांचा मंत्र करावयाचा. महाराष्ट्रावर राज्य केलेल्या मोठ्या घराण्यांसाठी 'सावा, चारा, चाया' असे म्हणता येते : सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, पुन्हा चालुक्य आणि यादव. मुलाला हे एका दिवसात येते. पण त्याला विचारावे की, बाबा रे, 'चा' दोनदा का? बहुधा तो गप्प बसतो. उत्तर तर त्या मंत्राच्या सांध्यातच दडलेले आहे. बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक दंतिदुर्ग याने सुमारे ७५३ साली धन्याला खाली ओढले आणि राष्ट्रकूट उभे राहिले. राष्ट्रकूटांचा मांडलिक तैलप याने ९७३ साली तोच डाव त्यांच्यावर उलटवला. तो स्वतःला जुन्या चालुक्यांचा वंशज म्हणवीत असे, म्हणून 'चा' पुन्हा आला. आणि कल्याणीच्या या चालुक्यांना पुढे सुमारे ११८७ साली भिल्लम यादवाने झुगारले, तोही मांडलिकच. म्हणजे 'चाराचाया' या चार अक्षरांतल्या तिन्ही सांध्यांवर एकच गोष्ट घडली आहे. 'वा' आणि 'चा' यांच्या मधला सांधा मात्र तसा नाही. तेथे मध्ये दुसरी घराणी येऊन गेली आणि मंत्राने ती गिळून टाकली. अक्षरे शेजारी बसली म्हणून राज्येही एकमेकांना चिकटून होती असे समजू नये.

आता एकाच घराण्याच्या आत शिरू. राष्ट्रकूटांचे सम्राट चौदा. आद्याक्षरे घेऊन चार श्वासांत म्हणायची : दं-कृ-गो-ध्रु, गो-अ-कृ-इं, अ-गो-अ-कृ, खो-क. दंतिदुर्ग, कृष्ण, गोविंद, ध्रुव. गोविंद, अमोघवर्ष, कृष्ण, इंद्र. अमोघवर्ष, गोविंद, अमोघवर्ष, कृष्ण. खोट्टिग आणि कर्क. चार-चारांचे तुकडे पाडल्यामुळे जिभेला बरे पडते. पण येथेच एक खाच आहे आणि पुष्कळजण तिच्यात पडतात. 'गो-अ-कृ' हा तुकडा या मंत्रात दोनदा येतो. पहिल्या 'गो-अ-कृ' नंतर 'इं' यावयास हवे, आणि दुसऱ्यानंतर 'खो'. जीभ घसरते ती येथे. पहिल्या 'कृ' वरून ती सरळ 'खो' वर उडी घेते आणि पाच राजे खाली पडतात. म्हणणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण लय कोठेच मोडत नाही.

याचा उपाय अक्षरांत शोधू नये, नात्यात शोधावा. या घराण्यात कृष्ण तीन झाले. पहिल्या कृष्णानंतर त्याचा मुलगा गादीवर आला, दुसऱ्यानंतर नातू आणि तिसऱ्यानंतर भाऊ. 'मुलगा, नातू, भाऊ' एवढे तीन शब्द ध्यानात ठेवले, की प्रत्येक 'कृ' पाशी वाट आपोआप कळते. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावाशी जोडलेले आहे तो पहिला. दुसऱ्याचा मुलगा जगत्तुंग बापाच्या हयातीतच वारला, म्हणून नातू इंद्र आला. तिसऱ्यानंतर भाऊ खोट्टिग आला, आणि ९७२ साली माळव्याच्या परमार सीयकाने त्याची राजधानी मान्यखेट लुटली. नाव, नाते आणि एक गोष्ट अशी तीन दोऱ्यांनी बांधलेली गाठ सहसा सुटत नाही.

आपल्याकडचे वैदिक ही युक्ती फार पूर्वीपासून जाणतात. त्यांच्या क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी असे जोडीजोडीने म्हणतात. राजे पाठ करतानाही तसेच करावे, फक्त प्रत्येक जोडीच्या मध्ये नात्याचा एक शब्द घालावा : दंतिदुर्ग, त्याचा चुलता कृष्ण, कृष्ण, त्याचा मुलगा गोविंद, गोविंद, त्याचा धाकटा भाऊ ध्रुव. असे म्हणू लागताच डोक्यात प्रश्न उठतात. पुतण्यामागून चुलता कसा? तर दंतिदुर्गाला मुलगा नव्हता. थोरल्यामागून धाकटा कसा? तर ध्रुवाने भावाला बाजूस सारले. पाठांतर आणि समज यांची जी फारकत आपण मानतो, ती बहुधा मधला हा एक शब्द गाळल्यामुळे झालेली असते.

इतके झाले म्हणजे कागद घ्यावा. हल्ली ज्याला मनोनकाशा म्हणतात तो टोनी बुझान या इंग्रज लेखकाने लोकप्रिय केला. त्यात मधोमध विषय लिहून चहूकडे फांद्या काढतात. राजवंशासाठी मला तो जसाच्या तसा सोयीचा वाटत नाही, कारण फांद्या चहूकडे फुटल्या की आधी कोण आणि मागून कोण हे हरवते. त्यापेक्षा कागदावर नऊ आडव्या ओळी आखाव्यात. एक ओळ म्हणजे एक पिढी. भाऊ-भाऊ एकाच ओळीत शेजारी, मुलगा खालच्या ओळीत. ज्याने राज्य केले त्याच्याभोवती वर्तुळ काढून आत गादीवर बसण्याचा क्रमांक घालावा. ज्याने केले नाही त्याचे नाव लिहावे, पण वर्तुळ काढू नये. पहिला कृष्ण पहिल्या ओळीत येईल, त्याचा क्रमांक दोन. दंतिदुर्ग त्याचा पुतण्या, म्हणून दुसऱ्या ओळीत, पण क्रमांक एक. सहाव्या ओळीत एकटा जगत्तुंग, वर्तुळाविना. कर्क तळाशी नवव्या ओळीत, आणि त्याचा क्रमांक चौदा.

आता एक ते चौदा असे बोट फिरवावे. पाचपासून सातपर्यंत ते पायऱ्या उतरल्यासारखे सरळ खाली येते. गोविंद, अमोघवर्ष, कृष्ण असे बापामागून मुलगा हे तीन राजे मिळून सुमारे १२० वर्षे, आणि त्यांतली ६४ एकट्या अमोघवर्षाची. आठनंतर बोट पुन्हा वाकडे चालू लागते. नऊवरून दहावर आडवे जाते, आणि दहावरून अकरावर तर उलट वर चढते. कारण चौथा गोविंद मांडलिकांना नकोसा झाला, आणि सुमारे ९३६ साली त्यांनी त्याच्या वयस्क चुलत्याला, बद्दिग अमोघवर्षाला, गादीवर बसवले. चित्र पाहून चटकन वाटते की, जेथे बोट वाकडे चालते तेथे राज्य खिळखिळे. हा मोह आवरला पाहिजे. ध्रुव भावाला ढकलून आला, तरी त्याने उत्तरेत स्वारी करून घराण्याचा दरारा वाढवला; आणि तिसऱ्या कृष्णाने ९४९ साली तक्कोलमला चोळांचा पराभव केला, तोही याच वाकड्या भागात. चित्र प्रश्न कोठे विचारावा ते दाखवते. उत्तर त्याने द्यावे अशी अपेक्षा करू नये.

चित्र मनात उतरले की नाही हे पाहण्यास एक प्रश्न पुरे : तिसऱ्या कृष्णाचा आजा कोण? नुसता मंत्र येणारा मागे दोन अक्षरे मोजतो आणि 'गोविंद' म्हणतो. चित्र येणारा बद्दिगावरून वर चढतो आणि राज्य न केलेल्या जगत्तुंगापाशी थांबतो.

आता खारेपाटणच्या दुसऱ्या यादीकडे येऊ. शिलाहार दहा : सणफुल्ल, धम्मियर, ऐयपराज, अवसर, आदित्यवर्मा, दुसरा अवसर, इंद्रराज, भीम, तिसरा अवसर, रट्टराज. ताम्रपटाच्या कवीने यांतल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात एकेक खूण बांधून ठेवली आहे. सणफुल्लाला कृष्णराजाच्या कृपेने सह्याद्री आणि समुद्र यांमधला मुलूख मिळाला. धम्मियराने वलिपत्तन वसवले. ऐयपराजाला चंद्रपूरच्या विजयानंतर नारळाच्या पाण्याने स्नान घातले. भीमाने चंद्रमंडल घेतले, राहूने चंद्राला गिळावे तसे. आचऱ्याच्या माणसाला नारळाचे पाणी विसरावयाला सांगितले तरी तो विसरणार नाही, आणि कवीला बहुधा तेच हवे होते. तीन अवसरांचा घोटाळा होईल म्हणावे, तर कोकणातल्या घरोघरची रीत मदतीला येते : दुसरा अवसर हा पहिल्याचा नातू, आजाचे नाव चालवणारा.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की एक ताळाही करता येतो. राष्ट्रकूटांचे राजे चौदा, पण पिढ्या नऊ. ७५३ ते ९७३ ही २२० वर्षे नवांना वाटली, तर पिढीला साधारण साडेचोवीस वर्षे पडतात. शिलाहारांचा पहिला पुरुष पहिल्या कृष्णाच्या वेळचा, म्हणजे सुमारे ७६५ चा धरू. शेवटचा १००८ मध्ये हयात. ही २४३ वर्षे दहा पिढ्यांना वाटली, की पुन्हा चोवीसच येतात. दोन्ही ताळे जुळले म्हणून याद्या खऱ्याच असे सिद्ध होत नाही, पण एखादे नाव गळले तर शंका घेता येते. मघाशी सांगितलेली उडी 'कृ' वरून 'खो' वर मारून पाहा. खोट्टिगाला दुसऱ्या कृष्णाच्या लगेच खालच्या पिढीत बसवावे लागते, पिढ्या सातच उरतात आणि पिढीला एकतीस वर्षे पडतात. राजांची संख्या भागून हा ताळा होत नाही, पिढ्यांचीच घ्यावी लागते. चार भाऊ एकामागून एक बसले तर राजे चार होतात, पिढी एकच राहते.

शेवटी शिलाहारांची ओळ राष्ट्रकूटांच्या चित्राच्या उजव्या अंगाला उभी लिहावी, सणफुल्ल पहिल्या कृष्णासमोर येईल अशी. मग दिसते की डावीकडची ओळ ९७३ ला संपते आणि उजवीकडची तशीच चालू राहते. रट्टराजाने दान दिले तेव्हा राष्ट्रकूट जाऊन पस्तीस वर्षे झाली होती आणि धनी होता तैलपाचा मुलगा सत्याश्रय. तरी ताम्रपटाचा आरंभ राष्ट्रकूटांपासूनच आहे, कारण मुलूख मिळाला तो त्यांच्याकडून. पुढे १०२४ च्या मिरजेच्या ताम्रपटात चालुक्य जयसिंह कोकण जिंकल्याचे सांगतो. रट्टराजाखाली दहाव्या ओळीनंतर नाव नाही; तेथे मी एक तुटक रेघ काढून ठेवतो.