चौथीच्या पालकांना पत्र : एका पेपरावर वर्ष का ठरवत नाही

आदरणीय पालक,


जूनमधल्या पहिल्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. ‘बाई, परीक्षा कधी?’ पहिली-दुसरीच्या पालकांकडून तो कमी येतो, चौथीच्या पालकांकडून जास्त, कारण पुढच्या वर्षी पाचवी असते. तुमच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण वार्षिक परीक्षेवर झाले आहे. वर्षभर शिकायचे, एप्रिलमध्ये पेपर लिहायचे आणि मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल घ्यायचा. मुलाचे गणित आता तसे का मोजत नाहीत, हे सभेच्या पाच-दहा मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

वर्गातल्या एका वजाबाकीपासूनच सुरुवात करते. ४०२ वजा १७८. उत्तर २२४. मागची उजळणी म्हणून हे गणित मी फळ्यावर दिले होते. एका मुलीने उत्तर लिहिले ३७६. तिच्या शेजारच्या मुलाने लिहिले १३४. वार्षिक परीक्षेत या दोघांचे काय होईल? दोघांच्याही उत्तरावर लाल फुली पडेल आणि दोघांनाही शून्य गुण मिळतील. पेपर गठ्ठ्यात बांधला जाईल आणि मुले सुट्टीला गावी जातील.

आता वह्या जवळून बघू. मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून तिने ८ मधून २ काढून ६ लिहिले. दशकात ० आणि ७, म्हणून ७. शतकात ४ मधून १ गेले, उरले ३. तिच्या मते वजाबाकी म्हणजे दोन अंकांमधला फरक. वरची संख्या कोणती आणि तिच्यातून काय काढायचे आहे, याचा विचार तिने केलेलाच नाही. हातचा घेण्याची गरज तिला वाटलीच नाही.

मुलाची गोष्ट वेगळी. हातचा घ्यायचा हे त्याला ठाऊक आहे. पण दशकाच्या घरात शून्य असल्यामुळे त्याने थेट शतकाकडून हातचा घेतला आणि एककाच्या घरात १२ करून टाकले. १२ मधून ८ गेले, उरले ४. मग दशकासाठी शतकाकडून पुन्हा एक हातचा घेतला, १० मधून ७ गेले, उरले ३. शतकात २ राहिले होते, त्यातून १ गेला. उत्तर १३४. खऱ्या उत्तरापेक्षा ते बरोबर ९० ने कमी आहे. हे ९० कुठे गेले ते लगेच कळते. शतकाकडून आणलेले शंभर एककाच्या घरात येताना दहाच झाले. उरलेले नव्वद मधल्या घरात ठेवायचे असतात, हे त्याच्या लक्षात आलेले नाही.

दोघांना एकच औषध चालणार नाही. मुलीला मी खेळण्यातल्या ४०२ रुपयांच्या नोटा-नाणी दिली आणि म्हटले, ‘यातून मला १७८ दे.’ दोन रुपयांतून आठ रुपये देता येईनात, तेव्हा नोट मोडावी लागते हे तिचे तिला उमगले. मुलाकडून मी शंभराची नोट दोन टप्प्यांत मोडून घेतली. आधी शंभराच्या दहा दहाच्या नोटा, मग त्यातल्या एका दहाच्या नोटेचे दहा सुटे रुपये. मधल्या घरात दहाच्या नऊ नोटा शिल्लक राहिल्या आणि हरवलेले नव्वद सापडले. पुढच्या आठवड्यात दोघांना ५०३ वजा २४७ दिले आणि उत्तर काढताना ते मोठ्याने बोलून दाखवायला सांगितले. दोघेही २५६ पर्यंत पोचले. हे ऑगस्टमध्ये झाले. एप्रिलमध्ये कळले असते, तर हाताशी वेळच उरला नसता, कारण भागाकारात पायरीपायरीला वजाबाकी लागते आणि ती चुकली की भागाकारही चुकतो.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन या लांबलचक नावामागचा मुख्य हेतू हाच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने मुलाच्या आकलनाचे मूल्यमापन सातत्याने व सर्व अंगांनी करण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली ते आठवीसाठी याची पद्धत ठरवून दिली. तिचे दोन भाग आहेत. शिकवता शिकवता जे पाहिले जाते ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी जे घेतले जाते ते संकलित मूल्यमापन. म्हणजे परीक्षा गेलेली नाही. तिचा वाटा बदलला आहे. पहिली-दुसरीत १०० पैकी ७० गुण आकारिकचे असतात, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४०. मूल जसे मोठे होते तसा लेखी परीक्षेचा वाटा वाढतो. आठ वर्षांच्या मुलाला जे येते ते सगळे कागदावर उतरवता येत नाही, पण तेरा वर्षांच्या मुलाला ते बऱ्याच अंशी जमते.

तुमच्या मुलाच्या प्रगतिपत्रकात हे कसे दिसेल, ते एका नमुन्यावरून सांगते. गणित, पहिले सत्र. आकारिकच्या ६० गुणांत समजा तोंडीकामाला १० पैकी ८, प्रात्यक्षिकाला १० पैकी ९, उपक्रमाला १० पैकी ८, स्वाध्यायाला १० पैकी ७ आणि छोट्या चाचण्यांना २० पैकी ११ मिळाले. बेरीज ४३. संकलितच्या ४० गुणांत तोंडी १० पैकी ८ आणि लेखी ३० पैकी १६, म्हणजे २४. एकूण ६७, श्रेणी ब-२. फक्त लेखी पेपर धरला असता, तर हेच मूल ५३ टक्क्यांवर, क-१ मध्ये गेले असते.

काही पालक इथे म्हणतात, म्हणजे गुण वाढवून दिले. तसे नाही. हे आकडे पुन्हा बघा. तोंडी आणि हाताने करायच्या कामात मूल चांगले आहे, पण लिहून सोडवायचे म्हटले की अडखळते, मग चाचणी वर्गातली असो वा सत्राच्या शेवटची. संख्यांची समज त्याच्याकडे आहे. अडचण आहे ती उदाहरण वाचून समजून घेण्यात किंवा पायऱ्या नीट मांडण्यात. अशा मुलाला पाढ्यांचे पाठांतर वाढवून काही फायदा होणार नाही. त्याच्याकडून शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून घ्यायला हवे, ‘काय दिले आहे आणि काय विचारले आहे’ हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावायला हवे. एकट्या ५३ या आकड्याने मला हे कधीच सांगितले नसते.

गुणांबद्दल आणखी एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त काय सुधारायचे याचा शेरा दिला आणि काहींना दोन्ही दिले. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचे काम सुधारले. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुण दिसले की मूल शेरा वाचत नाही, असा माझाही वर्गातला अनुभव आहे. म्हणून वर्गातल्या बऱ्याच कामावर तुम्हाला आकडा दिसणार नाही, एक-दोन ओळी दिसतील. ‘किती मिळाले?’ असे विचारण्याआधी त्या ओळी मुलाकडून वाचून घ्या.

ही पद्धत बिघडते, तीही कळण्यासारखी असते. सगळ्यात मोठा धोका नोंदींचा आहे. एका वर्गात चाळीस मुले आणि सात-आठ विषय. रोज सगळ्यांचे निरीक्षण करणे कोणालाही शक्य नाही. म्हणून मी एका तासाला पाच-सहा मुलांवर लक्ष ठेवते आणि वहीत तारखेसह दोन शब्द टिपते. जिथे हे जमत नाही तिथे बाजारात तयार मिळणाऱ्या नोंदी सत्राच्या शेवटी एकगठ्ठा उतरवल्या जातात. त्या ओळखायला सोप्या असतात. ‘गणितात रस घेतो’, ‘प्रगती समाधानकारक’ ही वाक्ये कोणत्याही मुलाच्या नावापुढे चालतात. ‘मधे शून्य असलेली वजाबाकी आता हातचा घेऊन करते, शाब्दिक उदाहरणात मदत लागते’ ही नोंद एकाच मुलाची असते. तुमच्या मुलाच्या पत्रकात पहिल्या प्रकारची नोंद दिसली, तर मला जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरा धोका प्रकल्पांचा. आईने रात्री जागून बनवलेला थर्माकोलचा किल्ला मला मुलाबद्दल काहीच सांगत नाही. मुलाने वेड्यावाकड्या हाताने काढलेला बाजाराचा तक्ता मला हवा आहे. भाजीवाल्या मावशींना काय विचारले, पाव किलोचा भाव कसा काढला, हे त्याला सांगता आले पाहिजे. म्हणून मोठी कामे मी शक्यतो वर्गातच करून घेते.

तिसरा मुद्दा निःपक्षपातीपणाचा, आणि तुमची ही शंका रास्त आहे. रोजच्या निरीक्षणात शिक्षकाची आवडनिवड मिसळू शकते. बोलक्या मुलाला जास्त गुण आणि अबोल मुलाला कमी, असे होऊ शकते. त्यासाठी साधने अनेक ठेवली आहेत आणि त्यासाठीच सत्राच्या शेवटची लेखी परीक्षाही हवी. सर्वांना सारखा पेपर देऊन केलेली ती पडताळणी असते. एखाद्या मुलाचे आकारिक गुण खूप जास्त आणि लेखी खूप कमी दिसले, किंवा याच्या उलट दिसले, तर मी माझ्याच नोंदी पुन्हा तपासते.

आता पाचवीबद्दल. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही, असा नियम २०१० पासून होता. मुलाला काय येत नाही ते बघायचेच नाही, असा त्याचा अर्थ अनेक ठिकाणी घेतला गेला आणि त्यात मुलांचे नुकसान झाले. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात बदल केला. त्यानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि त्यातही उत्तीर्ण झाले नाही तर त्याच वर्गात राहावे लागते. त्यामुळे ‘आतापासूनच दर शनिवारी पेपर घ्या’ अशी मागणी तुमच्यापैकी काहींनी केली आहे. मी ती मान्य करणार नाही. ४०२ वजा १७८ चुकवणाऱ्या मुलाला दर शनिवारी तसेच गणित दिले, तर तो दर शनिवारी १३४ लिहील आणि ती पद्धत त्याच्या हातात पक्की बसेल. त्याला आधी नोटा मोडून बघायच्या आहेत, पेपर त्यानंतर.

सत्र संपताना प्रगतिपत्रक घ्यायला याल तेव्हा गणिताची वही सोबत आणा. आपण पत्रकाआधी ती वही उघडू. प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतील अशा वेळा वर्गाच्या दारावर लावल्या आहेत. कामावरून सुटका होत नसेल त्यांनी संध्याकाळची वेळ मागून घ्यावी, मी सहा वाजेपर्यंत शाळेत असते.

आपली,
चौथीची वर्गशिक्षिका