प्रमाणपत्रावरच्या दोन ओळी

विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांना मंडळं प्रमाणपत्र देतात. त्यावर बहुधा ‘मोलाच्या सहकार्याबद्दल’ असं छापलेलं असतं. नाव बदलतं, मजकूर तोच.

नेमका मजकूर हवा असेल तर तयारी घाटावरच करावी लागते. कोण कुठे उभं होतं आणि काय केलं, हे गटप्रमुखाने त्याच रात्री वहीत टिपावं. आठवडा उलटला की सगळ्यांचं काम सारखंच आठवू लागतं. वहीत नोंद असली, की कलशापाशी थांबलेल्या मुलीसाठी असं लिहिता येतं: ‘निर्माल्यातून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल तुम्ही वेगळे काढलेत, म्हणून हार-फुलं थेट खतासाठी पाठवता आली.’ केलेलं काम आणि त्यामुळे काय झालं, एवढंच. ‘कर्तव्यदक्ष’, ‘हसतमुख’ वगैरे खुशाल गाळावं. हेच वाक्य शेजारच्या मुलाच्या नावाखाली खपत असेल, तर वही पुन्हा उघडावी.

राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात. त्यांच्यासाठी तारीख आणि तास खाली वेगळ्या ओळीत द्यावेत. छापण्याआधी प्रत्येकाला कच्चा मजकूर दाखवावा; आडनावातली चुकलेली वेलांटी तिथेच सापडते.