धारकाला दिलेलं वचन

शंभराची नोट हातात घेऊन नीट वाचा. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन मी देतो, असं त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं असतं आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. एक रुपयाच्या नोटेवर हे वाक्य सापडणार नाही. तिथे नाव भारत सरकारचं आणि सही वित्त सचिवांची. शंभराची नोट घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात, तर वचन पुरं होईल ते रुपयाची शंभर नाणी हातात पडून. पण त्या रुपयाच्या बदल्यात काय मागणार? वचनांची साखळी तिथे संपते.

पूर्वी ती चांदीपाशी संपायची. १८६१च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या, तेव्हा नोट दिली की तोळाभर वजनाचे चांदीचे रुपये मोजून मिळत. १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्मी झाली, १९४७मध्ये नाणं निकेलचं झालं. नोटांमागे आजही किमान २०० कोटींचा साठा ठेवावा लागतो, त्यात ११५ कोटींचं सोनं. पण हा आकडा १९५७चा आहे आणि त्या सोन्यावर धारकाचा हक्क नाही.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. कापसाचा कागद, जलचिन्ह, सुरक्षा धागा ही सगळी मेहनत नोट खरी आहे हे ओळखू यावं म्हणून. किंमत त्यातून येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री हे देशभर दिसलं. पाचशे आणि हजारच्या नोटांचा ना कागद बदलला होता ना शाई. सरकारने मान्यता काढून घेतली एवढंच. १५.४१ लाख कोटींच्या त्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या आणि पुढे यंत्रात बारीक कापून त्यांच्या विटा पाडल्या गेल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्यावरही वचनाचं वाक्य आहेच. पण २०१७च्या कायद्याने बँकेची देणेदारी आणि सरकारची हमी दोन्ही संपवली. 

मग सरकारचा शब्द असला की झालं का? तसंही नाही. दोन हजारची नोट मे २०२३मध्ये चलनातून मागे घेतली, रद्द केली नाही. कायद्याने ती आजही वैध आहे. तरी ती घेऊन वाण्याकडे गेलात तर तो हात लावणार नाही, कारण पुढचा माणूस ती आपल्याकडून घेईल याची त्याला खात्री नाही. तीच नोट रिझर्व्ह बँकेच्या नागपूर किंवा बेलापूरच्या कार्यालयात नेली, की पुरे दोन हजार मिळतात.